सोन्याचं नाणं किंवा बिस्किट पाण्यात तोलून तपासणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनं पाण्यात बुडवून नेमकं काय कळतं?

एकच गोष्ट कळते, त्याची घनता. म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम वजन मावलंय. चोख सोन्याची घनता १९.३२ आहे. तांब्याची ८.९६, चांदीची १०.४९ आणि शिशाची ११.३४. सोन्याच्या नकलेसाठी एरवी वापरले जाणारे स्वस्त धातू सोन्याच्या निम्म्यापर्यंतच किंवा त्याच्या थोडे पुढे पोचतात. त्यामुळे तांब्याच्या नाण्यावर सोन्याचा मुलामा चढवला, तर एकतर वजन कमी भरतं, नाहीतर वजन जुळवायला नाणं दुप्पट जाड करावं लागतं. पाणी ही लबाडी लगेच पकडतं.

अपवाद टंगस्टनचा. त्याची घनता १९.२५ आहे. हे पान मुख्यतः त्या अपवादासाठीच लिहिलंय, पण आधी पद्धत नीट समजून घेऊ.

घरी करायचं कसं?

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. आधी नाणं कोरडं तोलून आकडा लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा हलका प्लास्टिकचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. ग्लास, पाणी आणि नाणं यांचं मिळून वजन काट्याच्या क्षमतेत बसायला हवं, म्हणून मोठं पातेलं नको. आता नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. दोरा हाताने धरला तर हात थरथरतो आणि आकडा नाचत राहतो. दोन डब्यांवर एक पट्टी आडवी टाकून तिला दोरा बांधला की काम सोपं होतं.

काट्यावर आता जो आकडा येतो, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन असतं.

घनता = कोरडं वजन × पाण्याची घनता ÷ पाण्यातला आकडा

पाण्याची घनता सगळे १ धरतात. नाण्यासाठी चालतं. ते कुठे चालत नाही, ते पुढे येईल.

नाण्याचं वजन तर दोऱ्याने पेललंय, मग काट्यावर आकडा का वाढतो?

पाणी नाण्याला वर ढकलतं, तेव्हा नाणंही पाण्याला तितक्याच जोराने खाली ढकलतं. तो खालचा दाब काट्यापर्यंत पोचतो. नाणं तळाला टेकलं तर त्याचं वजनही काट्यावर पडतं आणि आकडा निरर्थक होतो. १० ग्रॅमच्या नाण्याला पाण्यात चार-पाच ग्रॅम दिसायला लागले, तर समजा की ते तळाला टेकलंय.

मोजपात्रात नाणं टाकून पाणी किती चढलं ते पाहिलं तर?

नको. १० ग्रॅम सोनं जेमतेम अर्धा घन सेंटिमीटर जागा घेतं. मिलिलिटरच्या रेघा असलेल्या नळकांड्यात अर्ध्या रेघेचा फरक डोळ्याने वाचणार कसा? त्यात पाण्याची कड काचेला चढलेली असते. आर्किमिडीजची, सिराक्यूजच्या राजाच्या मुकुटाची आणि भरून वाहणाऱ्या टबाची गोष्ट ऐकायला छान आहे. पण खरी अचूकता पाणी मोजण्यात नाही, वजन करण्यात आहे.

एक हिशेब करून दाखवा.

समजा २४ कॅरेटचं म्हणून घेतलेलं १० ग्रॅमचं नाणं आहे. पाण्यातला आकडा ०.५२ आला, तर १० भागिले ०.५२ म्हणजे १९.२. हे चोख सोन्याशी जुळतं. ०.५६ आला तर घनता १७.९ होते, आणि ती २२ कॅरेटची ओळख आहे. चांदी-तांब्याच्या भेसळीचं २२ कॅरेट सोनं साधारण १७.८ ला बसतं, नुसत्या तांब्याची भेसळ असेल तर १७.६ च्या आसपास. आणि आकडा ०.९५ आला तर आत बहुधा चांदी आहे.

आता काट्याची मर्यादा बघा. ०.५१ आला असता तर घनता १९.६ झाली असती, ०.५३ ला १८.९. म्हणजे काट्यावरच्या एका घराच्या फरकाने उत्तर जवळपास ०.४ ने सरकतं. १० ग्रॅमच्या नाण्यावर या काट्याने ‘१९.३२ की १९.२५’ विचारणं म्हणजे दूधवाल्याच्या मापाने औषधाचे थेंब मोजण्यासारखं आहे. २४ की २२, सोनं की तांबं, एवढंच त्याला विचारावं.

एक-दोन ग्रॅमची नाणी?

एका ग्रॅमला आकडा ०.०५ येतो. त्यातून काहीच निघत नाही. एकाच प्रकारची आठ-दहा नाणी एकत्र बांधून तोलली तर थोडा अर्थ आहे, पण त्यातलं एकच खोटं असेल तर ते बाकीच्यांच्या सरासरीत लपून जाईल.

दागिन्यांना ही पद्धत चालते का?

भरीव असतील तरच. वेढणं चालतं, कारण ती भरीव तार आहे. कोल्हापुरी साजात किंवा ठुशीत लाख भरलेली असते, पोकळ बांगडीत हवा असते, खड्याची घनता वेगळी असते. दागिना अस्सल असूनही आकडा खोटा ठरवेल. दागिन्यासाठी हॉलमार्क बघा आणि दागिन्यावर कोरलेला एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पडताळा.

आकडा चुकतो तो कशामुळे?

बहुतेक वेळा बुडबुड्यांमुळे. नाण्यावरच्या अक्षरांच्या खाचांत हवा अडकते. तीन मिलिमीटरचा एक बुडबुडा ०.०१४ घन सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे काट्यावरचं एक घर तो एकटाच खातो. पाणी उकळून गार केलेलं घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि नाणं आत घालून हलकेच झटका.

दुसरा गुन्हेगार दोरा. एक मिलिमीटर जाडीची सुतळी तीन सेंटिमीटर बुडाली तर तिनेच ०.०२ पेक्षा जास्त घन सेंटिमीटर जागा घेतली, वर तिच्या तंतूंत हवा भरलेली असते ती वेगळीच. मासे पकडायची बारीक नायलॉनची तार घ्या. शक्यतो ती तेवढीच बुडवून मग काटा शून्यावर आणा.

तिसरी गोष्ट पाण्याचं तापमान. ३० अंशाला पाण्याची घनता ०.९९५७ असते. १ धरली की उत्तर ०.४ टक्के चुकतं. तांबं पकडायला हा फरक काहीच नाही. टंगस्टनच्या बाबतीत मात्र तो अख्खा निकाल उलटवतो.

तो कसा काय?

१० तोळ्यांचं बिस्किट घेऊ, कारण त्याचं वजन मोठं असल्याने पाण्याला तिथे सर्वात चांगली संधी आहे. वजन ११६.६४ ग्रॅम. ३० अंशाच्या पाण्यात अस्सल सोन्याचा आकडा ६.०१ यायला हवा. आतून-बाहेरून टंगस्टन असतं तर ६.०३ आला असता. फरक काट्यावर दोन घरांचा.

आता पाण्याची घनता १ धरून भागाकार करा. अस्सल बिस्किटाची घनता १९.४१ येते आणि टंगस्टनची १९.३४. पुस्तकात सोन्याची घनता १९.३२ दिलेली आहे. म्हणजे खोटं बिस्किट अस्सलपेक्षा जास्त अस्सल ठरलं! हा माझा आवडता हिशेब आहे. ‘मी पाण्यात बघितलंय, बरोब्बर १९.३ आलं’ असं कोणी खात्रीने सांगतो, तेव्हा मला हाच आठवतो.

शिवाय फसवणाऱ्याचं बिस्किट निखळ टंगस्टनचं नसतंच. बाहेर सोनं असतं आणि आत टंगस्टन. निम्मं-निम्मं असेल तर फरक एकाच घरावर येतो, आणि तेवढा तर एक बुडबुडाही करतो.

मग ०.००१ ग्रॅमचा काटा घेतला तर भागेल?

थोडं पुढे जाल. पण त्यानंतर काटा अडचण राहत नाही, बाकी सगळं अडचण होतं. पाण्याचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत माहीत हवं, दोरा जिथे पाण्यातून बाहेर येतो तिथे चढणारी पाण्याची कड सारखी हवी, एकही बुडबुडा नको. प्रयोगशाळेत हे होतं. स्वयंपाकघरात होत नाही.

आणि अगदी अचूक मोजलं तरी एक पळवाट उरतेच. टंगस्टनमध्ये निकेल-तांबं किंवा निकेल-लोखंड मिसळून जड मिश्रधातू करतात. उद्योगांत ते रोज वापरले जातात आणि त्यांची घनता साधारण १७ ते १८.५ च्या दरम्यान हवी तशी ठेवता येते. २२ कॅरेटच्या नाण्याची १७.६ किंवा १७.८ घनता त्याच टप्प्यात येते. त्यामुळे ‘२२ कॅरेटला टंगस्टनची भीती नाही’ हे म्हणणं चूक आहे.

टंगस्टन भरतात तरी कसं? वितळवून?

वितळवून नाही. सोनं १०६४ अंशाला वितळतं, टंगस्टन ३४२२ अंशाला. दोघांचा एकजीव रस करणं सराफाच्या भट्टीचं काम नाही. म्हणून एकतर अस्सल बिस्किटाला कडेने भोकं पाडून त्यांत टंगस्टनच्या सळ्या बसवतात आणि तोंडं सोन्याने बंद करतात, किंवा टंगस्टनच्या चौकोनी तुकड्यावर सोन्याचं जाड कवच चढवतात. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १० औंसांच्या अशा बिस्किटांच्या पोटात टंगस्टन निघालं होतं, आणि त्यांवर नामांकित स्विस कंपनीचा छाप होता.

टंगस्टन कठीण आणि ठिसूळ असतं. सोन्यासारखा त्यावर ठसा उठत नाही. म्हणून नाण्यांपेक्षा बिस्किटांत हा प्रकार अधिक संभवतो, आणि बिस्किट जितकं मोठं तितका खटाटोप परवडतो. खोट्या नाण्यावर चेहऱ्याचे बारकावे आणि कडेचे दाते बोथट दिसतात. ब्रिटिश सॉव्हरिन हाताशी असेल तर व्हर्नियर लावून बघा: वजन ७.९९ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी १.५२ मिलिमीटर.

सगळ्या मोठ्या फसवणुकी टंगस्टनच्याच असतात का?

अजिबात नाही. २०२० मध्ये चीनच्या वूहानमधल्या किंगोल्ड कंपनीने कर्जासाठी तारण ठेवलेल्या सोन्याची भानगड बाहेर आली. सोनं ८३ टन असल्याचं सांगितलं जात होतं आणि तपासलेल्या लगडी सोनेरी मुलाम्याच्या तांब्याच्या मिश्रधातूच्या निघाल्या. बादलीभर पाणी आणि एक बरा काटा एवढ्यावर त्या पकडता आल्या असत्या. म्हणून पाण्याची परीक्षा टाकाऊ नाही. ती पहिली चाळणी आहे: जे यात नापास झालं ते नक्की खोटं, पण पास झालं म्हणजे खरं ठरलं असं नाही.

सराफाकडच्या कॅरेट मशीनवर ९९.९ आलं. आता तरी निश्चिंत?

तो आकडा कातडीचा आहे. मशीनमधल्या क्ष-किरणांनी जी माहिती परत येते ती सोन्याच्या वरच्या दहा-वीस मायक्रॉनमधूनच, कारण सोनं स्वतःच त्या किरणांना अडवतं. कवच पाव मिलिमीटरचं असेल तर मशीनच्या दृष्टीने आत काही नाहीच. कसोटीवर कस लावणं आणि तेजाबाचा थेंब यांचंही तेच. मशीन वरच्या सोन्याची शुद्धता सांगतं आणि ती खरीच सांगतं. प्रश्न पोटाचा आहे.

मग पोटातलं कळायला काय लावायचं?

घनता सोडून असा गुण पकडायचा, ज्यात सोनं आणि टंगस्टन एकमेकांपासून लांब आहेत. तसे तीन गुण उपयोगी पडतात.

सर्वात भरवशाचा ध्वनीचा वेग. सोन्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे ३२४० मीटर जातो, टंगस्टनमधून सुमारे ५२०० मीटर. फरक ६० टक्क्यांचा आहे, घनतेसारखा अर्ध्या टक्क्याच्या आतला नाही. कारखान्यांत पत्र्याची किंवा पाइपची जाडी मोजायला अल्ट्रासोनिक थिकनेस गेज वापरतात, तेच इथे चालतं. त्यात वेग ३२४० ठेवायचा, बिस्किटावर जेलचा थेंब टाकून टोक दाबायचं आणि दिसणारी जाडी व्हर्नियरने मोजलेल्या जाडीशी ताडायची.

समजा बिस्किट ५ मिलिमीटर जाड आहे आणि आत ४ मिलिमीटर टंगस्टन, वर-खाली अर्धा-अर्धा मिलिमीटर सोनं. ध्वनी टंगस्टनमधून झपकन निघून जातो, म्हणून गेज ३.५ मिलिमीटर दाखवेल. सोनं आणि टंगस्टन नीट चिकटलेलं नसेल तर ध्वनी सांध्यावरूनच परत फिरतो, मग आकडा आणखी विचित्र येतो. सळ्या भरलेल्या असतील तर त्या नेमक्या जिथे आहेत तिथेच फरक दिसेल, म्हणून एका जागी टोक लावून समाधान मानू नका. लांबीभर सात-आठ ठिकाणी मोजा. ओतीव बिस्किटाचा पृष्ठभाग खडबडीत आणि जाडी असमान असते, तेव्हा ज्या ठिकाणी गेज लावलं त्याच ठिकाणी व्हर्नियरही लावा. बारीक नाण्यांवर मात्र साधी गेज अडखळतात.

दुसरा गुण विद्युतवाहकता. चोख सोन्याची टंगस्टनच्या जवळजवळ अडीचपट आहे. नाण्याला इजा न करता, प्लास्टिकच्या पाकिटातूनही ती मोजणारी यंत्रं मिळतात. त्यांची खोच अशी की किती खोलवरचं दिसणार हे यंत्राच्या वारंवारितेवर ठरतं. ६० किलोहर्ट्झला सोन्यात नजर ०.३ मिलिमीटरपर्यंतच पोचते, १ किलोहर्ट्झला सव्वादोन-अडीच मिलिमीटर. जाड बिस्किटाला कमी वारंवारितेचं यंत्र हवं. भेसळीने वाहकता खूप पडते, त्यामुळे २२ कॅरेटचं नाणं ‘२४ कॅरेट’च्या सेटिंगवर ठेवलं तर अस्सल असूनही नापास होईल.

आणि तिसरा गुण? घरी करता येईल असा?

चुंबक. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण टंगस्टनही चिकटत नाही, म्हणून नुसतं चुंबक लावून काही कळत नाही. बारीक बघितलं तर सोनं तगड्या चुंबकाला अगदी किंचित दूर ढकलतं आणि टंगस्टन किंचित ओढतं.

०.००१ ग्रॅमच्या काट्यावर थर्माकोलचा उंच ठोकळा ठेवा, त्यावर निओडिमियम चुंबक आणि काटा शून्यावर. ठोकळा यासाठी की चुंबक काट्याच्या यंत्रणेपासून लांब राहावं. आता बिस्किट चुंबकाच्या अगदी जवळ, पण न टेकवता, वरून स्थिर धरा. सोनं चुंबकाला खाली दाबतं, म्हणून आकडा थोडा वर जातो. टंगस्टन त्याला वर ओढतं आणि आकडा उणे होतो. हे सगळं मिलिग्रॅमच्या खेळात आहे. बिस्किट हलवत राहिलात तर धातूत प्रवाह निर्माण होऊन आकडा भरकटतो. आधी खात्रीच्या सोन्यावर करून हात बसवा. कवच जाड असेल तर ओढ झाकली जाऊ शकते, तेव्हा ही पुरवणी परीक्षा समजा.

यातली गंमत अशी की तांबं आणि चांदीही चुंबकाला दूरच ढकलतात, म्हणजे चुंबक त्यांना सोन्यापासून वेगळं काढू शकत नाही. पण ते दोघे पाण्यात सापडतात. पाण्यातून निसटणारं टंगस्टन चुंबकापाशी अडकतं.

सीलबंद कार्डातलं नाणं फोडून पाण्यात घालू का?

नको. सील फुटलं की परत विकताना बरेच सराफ भाव कमी करतात. पाकिटातून चालणारी वाहकतेची चाचणी करून घ्या. कार्डही खोटं छापता येतं, हे मात्र लक्षात असू द्या.

शंभर टक्के उत्तर कशाने मिळतं?

कापून किंवा वितळवून. मोड घेणारे सराफ जुनं सोनं मुशीत घालतात, तिथे टंगस्टनची लपवाछपवी संपते. सोन्याचा रस होतो आणि टंगस्टनची सळी तशीच्या तशी राहते. वितळल्यावर सोन्याची घनता १७.३ च्या आसपास उतरते, त्यामुळे ती तळाशी जाऊन बसते. रस ओतायला लागलं की राहते मागे.

तुम्ही स्वतः कधी असं बिस्किट तपासलंय का?

मावशीकडचं, १० तोळ्यांचं. १९६८ ते १९९० या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळात बिस्किट बाळगायलाच बंदी होती. त्यामुळे त्या पिढीच्या कपाटांतल्या बिस्किटांना पावती नसते, याचंही नव्हती. कोरडं वजन ११६.६३. पाणी ३० अंश. पाच वेळा बुडवलं: ६.०२, ६.०१, ६.०३, ६.०२, ६.०१. सरासरी ६.०१८ आणि घनता १९.३०. सोन्यासाठी ६.०१ हवं होतं, टंगस्टनसाठी ६.०३, आणि माझे पाच आकडे दोन्हींवर पाय ठेवून उभे होते. मावशी म्हणाली, “अरे, पण सोनं आहे की नाही ते सांग ना.” सांगता येत नव्हतं.

मग ओळखीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून गेज आणलं. व्हर्नियरने आठ ठिकाणी जाडी ५.१ ते ५.३ मिलिमीटर. ३२४० वर गेजने त्याच आठ ठिकाणी ५.१ ते ५.३ च दाखवली. मावशीने जेल पदराने पुसलं आणि बिस्किट परत रुमालात बांधलं.